एका मधमाशीचे दोन कप्पे

सातवीतली एक मुलगी ग्रंथालयाच्या तासाला माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मधमाशीचं पुस्तक कुठे आहे?" बोटाने कपाट दाखवून मोकळे होणे सोपे होते आणि बरीच वर्षे मी तेच करत आले होते. त्या दिवशी मात्र मी तिला उलट विचारले, "मधमाशीबद्दल तुला नेमकं काय हवंय?" ती जरा गोंधळली. मग तिने सांगितले, की पोळ्यातून मध काढण्याआधी धूर करतात आणि त्यामुळे माश्या शांत होतात असे तिने ऐकले होते; त्या शांत का होतात, हे तिला शोधायचे होते. हा प्रश्न मी तिला एका कार्डाच्या डोक्यावर लिहायला लावला. ग्रंथालयातल्या पुस्तकांची तालिका संगणकावर गेल्यापासून जुनी तालिकापत्रे माझ्याकडे खोक्यांनी पडून आहेत. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे जाड कार्ड, खाली दांडी ओवण्याचे भोक आणि मागची बाजू कोरी, त्यामुळे टिपणाला त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

त्याआधी मी ग्रंथालयात पुस्तक शोधायला कसे शिकवत असे, हे सांगितले पाहिजे. पहिल्या तासाला मी पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्युई दशांश वर्गीकरणाचे दहा वर्ग फळ्यावर लिहीत असे: शून्यापासून सुरू होणारे सामान्य विषय, १०० तत्त्वज्ञान, २०० धर्म, ३०० सामाजिक शास्त्रे, असे करत ९०० इतिहास-भूगोलापर्यंत. मुले ते पाढ्यासारखे पाठ करत, चाचणीत बिनचूक लिहीत आणि पुढच्या आठवड्यात कपाटासमोर उभी राहून विचारत, "बाई, मधमाशी कुठे?" पाठांतरात त्यांची काहीच चूक नव्हती. दहा वर्गांची यादी पाठ असणाऱ्याला कोणती ज्ञानशाखा कुठे आहे एवढेच कळते, आणि मुलांच्या डोक्यात ज्ञानशाखा नसते; तिथे एखादा प्राणी असतो, यंत्र असते किंवा एखादी घटना असते.

मेलविल ड्युई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या या पद्धतीतली गोम इथेच आहे. पुस्तक कशाबद्दल आहे यापेक्षा ते त्या गोष्टीकडे कोणत्या शास्त्राच्या नजरेने पाहते, यावर त्याची जागा ठरते. त्यामुळे मधमाशी एका ठिकाणी सापडत नाही. तिची शरीररचना, तिचे वर्तन, तिचे कीटकांमधले स्थान सांगणारे पुस्तक प्राणिशास्त्रात, ५९५.७९९ या वर्गांकावर असते. तिला पेटीत पाळून मध कसा काढावा हे सांगणारे पुस्तक शेती व पशुपालनाच्या शेजारी, ६३८.१ वर असते. मधमाशी नायिका असलेली गोष्ट ८०० मध्ये, साहित्यात जाते. ड्युई यांनाही ही विखुरण ठाऊक होती, म्हणून त्यांनी कोष्टकांना एक सापेक्ष सूची जोडली. तिच्यात एका शब्दाखाली तो विषय कोणकोणत्या शाखांत गेला आहे हे एकत्र वाचता येते. हल्ली मी दहा वर्ग शिकवण्याऐवजी त्या सूचीसारखा एकच तक्ता मुलांकडून करून घेते. एक गोष्ट घ्यायची, उदाहरणार्थ चंद्र, आणि तिच्याबद्दल कोण कोण काय काय विचारील ते लिहायचे. चंद्रावर विवरे कशी झाली, हे खगोलशास्त्र विचारते आणि त्याचे पुस्तक ५२३.३ वर मिळते. चंद्रावर यान कसे उतरवले, हे अभियांत्रिकी विचारते आणि त्यासाठी ६२९.४ च्या कपाटाकडे जावे लागते. असे दोन-तीन विषय केले की मुलांच्या लक्षात येते, की "चंद्राचं पुस्तक कुठे" या प्रश्नाला उत्तर नाही आणि ते ग्रंथपालालाही देता येणार नाही.

माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या कसोटीवर लावला तर तो कुणाचा ठरतो? धूर करणारा माणूस मध काढणारा आहे, म्हणून ६३८.१. पण शांत होणारी माशी आहे आणि ती तशी का वागते हे प्राणिशास्त्राचे काम आहे, म्हणून ५९५.७९९ सुद्धा. आम्ही दोन्ही आकडे कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिले. पण ते आम्हाला मिळाले कसे, ते आधी सांगते.

ते मिळाले तालिकेतून, आणि मुले सगळ्यात जास्त अडखळतात ती तिथेच. तिने शोधचौकटीत आधी आपला अख्खा प्रश्न लिहिला: "धूर केल्यावर मधमाश्या शांत का होतात". उत्तर आले, शून्य नोंदी. आंतरजालावर पूर्ण वाक्य लिहूनही काहीतरी समोर येते, त्यामुळे मुलांना वाटते की ग्रंथालयात या विषयावर काहीच नाही, आणि ती तिथून उठून जातात. शाळेतल्या साध्या तालिकेत पुस्तकांचा मजकूर नसतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि कुणीतरी बसून दिलेले दोन-तीन विषयशब्द एवढेच असते, हे त्यांना एकदा नोंद उघडून दाखवावे लागते. मग वाक्यातले एकच नाम उचलायचे. तिने "मधमाश्या" घातले आणि एक नोंद आली. "मधमाशी" घातले तर वेगळीच आली. नोंदी करणाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी मधमाशी, मधमाशा, मधमाश्या असे तिन्ही लिहिले होते, आणि मराठीत हे होणारच. यावर उपाय एवढाच, की शब्दाचा न बदलणारा भाग, म्हणजे "मधमाश", तेवढा लिहायचा आणि ज्या सॉफ्टवेअरला पुढे तारांकन लागते तिथे ते द्यायचे. तरीही "मधुमक्षिकापालन" निसटतेच, कारण त्याची अक्षरे वेगळी आहेत. म्हणून मी मुलांना शोधायच्या आधी त्याच वस्तूसाठीचे बोलीतले, पुस्तकी आणि इंग्रजीतून आलेले असे तीन शब्द कार्डाच्या मागे लिहायला सांगते. सर्प आणि साप, भूकंप आणि धरणीकंप, वीज आणि विद्युत हे सरावाला उत्तम आहेत. त्यातही वीज, कारण आकाशातली आणि तारेतली अशा तिच्या दोन जागा निघतात.

एक नोंद सापडली की तिच्यातला विषयशब्द वाचायचा आणि त्याच शब्दाने पुन्हा शोधायचे. हा छोटासा फेरा मुलांना जादूसारखा वाटतो. खरे तर ती नोंदी करणाऱ्याची भाषा त्याच्याकडूनच उसनी घेत असतात.

आता आकडा घेऊन कपाटाकडे. इथे दोन चुका इतक्या नेमाने होतात की मी त्यांची वाटच पाहत असते. पहिली चूक डोळ्यांच्या दिशेची. मुले वरच्या फळीवरून वाचत वाचत थेट भिंतीच्या टोकापर्यंत जातात, कारण ओळ अशीच वाचायची असते. कपाट मात्र वर्तमानपत्रातल्या स्तंभासारखे वाचायचे असते: एका उभ्या कप्प्यातल्या सगळ्या फळ्या वरून खाली संपवायच्या आणि मगच शेजारच्या कप्प्याच्या वरच्या फळीवर जायचे. दुसरी चूक दशांशाची. ५९५.७९९ आणि ५९५.८ यांत आधी कोणता, असे विचारले तर अर्धा वर्ग ५९५.८ म्हणतो, कारण सातशे नव्व्याण्णवपुढे आठ किती लहान दिसतो. गणिताच्या वहीत दशांश अपूर्णांकांची लहानमोठी तुलना बरोबर करणारी मुलेही फळीसमोर ही चूक करतात. मी त्यांना टिंबानंतरचा आकडा संख्या म्हणून वाचूच देत नाही. "पाच नऊ पाच, टिंब, सात, नऊ, नऊ" असा एकेक अंक शब्दातल्या अक्षरासारखा वाचायचा. शब्दकोशात "कमळ" आणि "कर" यांचा क्रम लावताना आपण दुसऱ्या अक्षरावर थांबतो, तसेच इथे टिंबानंतर पहिल्याच अंकावर सात आणि आठ वेगळे झाले की निकाल लागतो. चूक झाली आहे हे ओळखण्याची खूणही सोपी आहे: हातातल्या पुस्तकाच्या डावीकडच्या आणि उजवीकडच्या पुस्तकांची नावे वाचायची. मधमाशीच्या एका बाजूला मुंग्या आणि गांधीलमाश्या असतील तर आपण बरोबर आहोत; मासे दिसू लागले तर पुढे निघून आलो आहोत.

पुस्तक नसेल तर काय करायचे, हेही याच आकड्यात दडलेले आहे. उजवीकडून एकेक अंक पुसत गेले की विषय रुंदावत जातो. ५९५.७९९ चा शेवटचा नऊ काढला की मुंग्या, गांधीलमाश्या आणि मधमाश्या यांचा एकत्र गण येतो. आणखी एक काढला की ५९५.७, म्हणजे सगळे कीटक. वर्गांक अख्ख्या पुस्तकाला मिळतो, एखाद्या प्रकरणाला मिळत नाही. म्हणून कीटकांवरच्या जाड पुस्तकातले मधमाश्यांचे तीस पानांचे उत्तम प्रकरण तालिकेत "मधमाशी" शोधून कधीच सापडत नाही. ते असा अंक पुसूनच सापडते. याउलट आकडा वाढवत नेण्याचा हट्ट शाळेच्या ग्रंथालयात धरू नये. चार-पाच हजार पुस्तकांच्या संग्रहात टिंबानंतरचे दोन-तीन अंक पुरेसे होतात, आणि अनेक ठिकाणी ग्रंथपालाने ते मुद्दाम छाटलेले असतात.

तिला ६३८.१ वर मधमाशीपालनाचे एक पातळ पुस्तक मिळाले. ती ते पहिल्या पानापासून वाचू लागली. मी तिला थांबवून मागची सूची शोधायला सांगितले, आणि ती नव्हती. मराठीतल्या मुलांच्या पुस्तकांत ती पुष्कळदा नसते, ही माझी जुनी तक्रार आहे. सूची असली तर वर्णक्रमाचा सराव लागतो, आणि क्ष व ज्ञ कुठे पाहायचे हे पुस्तकागणिक बदलते: कुठे ते क आणि ज च्या पोटात असतात, कुठे ह आणि ळ च्याही पुढे, अगदी शेवटी. सूची नसेल तर अनुक्रमणिका. तिच्यात "धूर" हा शब्द कुठेच नव्हता. "पेटीची तपासणी" असे एक प्रकरण होते. धूर कधी करतात? पेटी उघडताना. असा एक दुवा मनाने जोडावा लागतो आणि बाराव्या वर्षी तो आपोआप जोडला जात नाही. मी फक्त "धूर कधी करतात?" एवढेच विचारले. पान तिने काढले.

त्या पानावरचा मजकूर साधारण असा होता, मी तो माझ्या शब्दांत देते. पेटी उघडण्यापूर्वी तिच्या दाराशी धुराचे दोन-तीन हलके झोत सोडतात. धूर जाणवताच कामकरी माश्या मधाच्या साठ्याकडे धाव घेतात आणि पोटात मध भरून घेतात, कारण आगीमुळे पोळे सोडावे लागले तर ही शिदोरी कामी येते. पोट भरलेली माशी डंख मारायला फारशी प्रवृत्त होत नाही. मात्र धूर जास्त किंवा गरम झाला तर माश्या उलट बिथरतात.

तिचे पहिले टिपण पाच मिनिटांत तयार झाले. "मधपेटी खोलण्याआधी तिच्या दरवाज्याजवळ धुराचे दोन-तीन सौम्य झोत देतात" अशी त्याची सुरुवात होती आणि ते शेवटपर्यंत तसेच चालले होते. उघडण्याचे खोलणे झाले, दाराचा दरवाजा झाला, हलक्याचे सौम्य झाले; वाक्यांची संख्या, क्रम आणि सांगाडा पुस्तकाचाच राहिला. याला चोरी म्हणून दरडावले की मुले घाबरतात आणि पुढच्या वेळी आणखी शब्द बदलतात, एवढेच होते. मला वाटते, मुले नक्कल करतात याचे मुख्य कारण त्यांच्यापुढे प्रश्न नसतो हे आहे. "मधमाशीवर माहिती लिहून आणा" असे सांगितल्यावर पानावरचे प्रत्येक वाक्य सारख्याच योग्यतेचे ठरते, मग मुलाने काय सोडावे? तिच्याकडे प्रश्न होता, पण तो कार्डाच्या डोक्यावर लिहून झाल्यावर ती विसरली होती. मी तिला टिपणातल्या प्रत्येक वाक्यासमोर, ते वरच्या प्रश्नाचे उत्तर देते का, याची बरोबर किंवा फुली करायला लावली. झोत किती आणि कुठे सोडतात, या वाक्याला फुली मिळाली. ते "धूर कसा करतात" याचे उत्तर होते.

मग दुसरे कार्ड. परिच्छेद दोनदा वाचायचा, पानात बोट घालून पुस्तक मिटायचे आणि शेजारच्या मैत्रिणीला उत्तर तोंडी सांगायचे. जे तोंडून निघाले तेच लिहायचे. तिने लिहिले: "धूर आला की माश्यांना पोळे सोडावे लागेल असे वाटते. म्हणून त्या पोटभर मध पितात. पोट भरले की त्या चावत नाहीत." तीन वाक्ये, सगळी तिची आणि सगळी प्रश्नाला धरून. पूर्वी मी इथे शाबासकी देऊन थांबत असे, आणि ती माझी मोठी चूक होती.

कारण पुस्तक मिटून लिहिलेल्या टिपणाला स्वतःचा एक रोग असतो. नक्कल केलेल्या टिपणात पुस्तकातले "फारशी" जसेच्या तसे उतरते. स्वतःच्या शब्दांतल्या टिपणातून ते गळते. "फारशी प्रवृत्त होत नाही" याचे "चावत नाहीत" झाले, आणि या दोहोंत एका डंखाचा फरक आहे. बहुधा, काही, साधारणपणे, क्वचित, मात्र हे शब्द स्मरणात टिकत नाहीत. आशय टिकतो आणि त्याची कुंपणे पडून जातात. म्हणून पुस्तक पुन्हा उघडणे ही वेगळी पायरी आहे आणि ती मी कुणालाही टाळू देत नाही. उघडल्यावर तीनच गोष्टी तपासायच्या: आकडे, नावे आणि हे मर्यादा घालणारे शब्द. तपासताना तिने "चावत नाहीत" खोडून "डंख मारायची शक्यता कमी होते" असे केले आणि धूर जास्त झाला तर उलटे होते, हे चौथे वाक्य जोडले. एखादे वाक्य इतके नेमके असेल की ते बदलवत नाही, तर ते अवतरणचिन्हांत तसेच ठेवायचे. कार्डावर असे एकच चालेल, असा माझा नियम आहे.

खाली स्रोताची ओळ: लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशन, वर्ष, पृष्ठ. यात वर्षाशी मुलांची फसगत होते. नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, पुनर्मुद्रण अशी तीन-चार वर्षे असतात आणि मुले डोळ्यांना पहिले दिसेल ते उचलतात. मजकूर शेवटचा केव्हा बदलला ते आवृत्ती सांगते. पुनर्मुद्रण म्हणजे तोच मजकूर पुन्हा छापला एवढेच. तेव्हा हातात असलेल्या आवृत्तीचे वर्ष लिहायचे. पृष्ठांक मात्र पान उघडे असतानाच लिहून टाकायचा, कारण पुस्तक एकदा कपाटात गेले की तो परत मिळवण्यासाठी सगळी वाट पुन्हा चालावी लागते.

पुढच्या तासाला ती ५९५.७९९ च्या फळीवर गेली. तिथल्या पुस्तकाला सूची होती; तिच्यात धूर नव्हता, पण "डंख" होता आणि त्याच्यापुढे दोन पृष्ठांक. तिथे मध पिण्याचा उल्लेखच नव्हता. डंख मारणारी माशी एक इशाऱ्याचा गंध सोडते, त्या गंधाने इतर माश्या चवताळतात, आणि धुरामुळे माश्यांच्या स्पर्शिकांना तो गंध काही वेळ नीट ओळखता येत नाही, असे त्यात होते. त्या गंधातला मुख्य घटक पिकल्या केळ्याच्या वासाचा असतो, हेही होते. ते तिला फार आवडले आणि प्रश्नाचे उत्तर नसूनही तिने लिहिले. मी फुली करायला सांगितली नाही.

दोन कार्डे शेजारी ठेवून ती म्हणाली, "बाई, यातलं खरं कोणतं?" मधमाशीपालन करणाऱ्याला पेटी उघडताना मधाकडे धावणाऱ्या माश्या दिसतात, तो ते लिहितो, कीटकांचा अभ्यासक स्पर्शिकांकडे पाहतो, तो ते लिहितो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात आणि कोणत्याही एका पुस्तकाने दुसरीला नाकारले नव्हते. हे मी तिला सांगितले नाही. दोन्ही कार्डांवर "नाही" हा शब्द कुठे आहे ते पाहायला सांगितले. तिने दोन्ही वाचली, पहिल्याच्या कोपऱ्यातला ६३८.१ आणि दुसऱ्याच्या कोपऱ्यातला ५९५.७९९ पाहिला आणि माझ्या खोक्यातून आणखी एक कार्ड मागितले. त्याच्या डोक्यावर तिने लिहिले: "मध न पिताही माश्या धुराने शांत होतात का?" आणि कोपऱ्यातली जागा तूर्त रिकामी ठेवली.